माईकजवळचं गाणं की डोंगरातलं?

आपल्या कोल्हापुरात प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ केला, तेव्हा दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतः गायल्या. आवाज तिथेच मुद्रित व्हायचा, म्हणून नट माईकच्या टप्प्यात आणि वादक चौकटीबाहेर, पण जवळच. १९३५ नंतर हळूहळू पार्श्वगायन रुळलं. गाणं आधीच तयार. चित्रीकरणाच्या जागी ते लावायचं आणि नटांनी ओठ हलवायचे. मग १९६१च्या ‘जंगली’सारखं थेट काश्मीरच्या बर्फात जाता आलं. प्रेमिकांना तेच हवं होतं. घर माणसांनी भरलेलं, आणि पूर्वी बोलपटांत दिसणारं चुंबन पडद्यावरून जवळपास हद्दपार. जवळीक गाण्यातूनच दाखवायची, तर एकांत दूरचाच हवा. तरी मला जुनं गाणं जास्त भावतं: ओठ आणि सूर कधी चुकत नाहीत, मध्ये घेतलेला श्वासही ऐकू येतो.