अण्णांचा प्लॉट आणि दोन पानांचा सोपा सारांश

अण्णांनी सही करण्याआधी एक कागद नीट वाचला होता. लाल पेनाने प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली होती. ३४ वर्षं मराठी शाळेत शिक्षक होते, सवय जात नाही. गडबड एवढीच झाली की त्यांनी जो कागद वाचला आणि ज्यावर सही केली, ते दोन वेगळे कागद होते.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर अण्णांचा पाच गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट होता. त्यांचं वय ७८, आई गेल्यापासून एकटेच राहतात, मी पुण्यात. प्लॉट विकून पैसे ठेवीत टाकायचे असं ठरलं. गावातला एक मध्यस्थ गिऱ्हाईक घेऊन आला, भाव ४० लाख ठरला. माणूस ओळखीचा, अण्णांना "गुरुजी" म्हणणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे.

साठेखत म्हणजे खरेदीखताआधी होणारा विक्रीचा करार. त्याच्या तीन दिवस आधी मध्यस्थ घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, दस्ताची भाषा फार किचकट असते. तुमच्यासाठी वकिलांकडून सोप्या मराठीत काढून आणलंय." दोन पानं, ठळक मोठी अक्षरं, एकूण नऊ ओळी. अण्णांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांना त्या मोठ्या अक्षरांचंच कौतुक वाटलं. त्याने तीच पानं मलाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ती मी ऑफिसच्या बसमध्ये वाचली आणि अण्णांना फोन केला, "ठीक आहे सगळं, करा सही." मूळ दस्ताचा मसुदा मी मागितलाच नाही. तो मागावा हे सुचलंसुद्धा नाही, कारण हातात त्याचा सारांश होता ना!

त्यातल्या तीन ओळी सांगते, बाकीच्या सहा खऱ्या होत्या. एक, "आज इसार ४ लाख, बाकी ३६ लाख खरेदीखताच्या वेळी." दोन, "जागेचा ताबा खरेदीखतानंतर." तीन, "सरकारी कार्यालयातल्या कामांसाठी अधिकारपत्र, म्हणजे गुरुजींना हेलपाटे नकोत."

दस्त नोंदणीच्या दिवशी मी गेले नाही, महिनाअखेर होती. दुय्यम निबंधक कार्यालयात अण्णांचा नंबर लागला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पानं उलटत सह्या करून घेतल्या, अंगठा झाला, फोटो झाला. साहेबांनी विचारलं, "आजोबा, व्यवहार मान्य आहे ना? रक्कम मिळाली?" अण्णांच्या खात्यात सकाळीच ४ लाख आले होते. ते म्हणाले, "हो, मिळाली." त्यांच्या मते ते खरंच बोलले. साहेबांचंही चुकलं नाही. सही करणारा माणूस तोच आहे का आणि तो दस्त कबूल करतो का, एवढंच त्यांनी बघायचं असतं. आतला मजकूर न्याय्य आहे की नाही हे तपासणं त्यांचं काम नाही, आणि बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं.

थोड्या वेळाने पुन्हा अंगठा, पुन्हा फोटो. मध्यस्थ म्हणाला, "दुसरी प्रत आहे." घरी येताना त्याने अण्णांना चार चेक दिले, प्रत्येकी ९ लाखांचे, सही केलेले पण तारीख न टाकलेले. "खरेदीखताच्या दिवशी तारीख टाकू, तोवर तुमच्याकडेच ठेवा, विश्वासासाठी." अण्णांनी ते विम्याच्या जुन्या पाकिटात घालून कपाटात ठेवले.

अकरा महिने काहीच झालं नाही. विचारलं की "मोजणी अडकलीय", "साहेबांची बदली झालीय". मग एक दिवस तलाठ्याकडून नमुना ९ ची नोटीस आली. प्लॉटची विक्री झालीय, सातबाऱ्यावर नवीन नाव लावायचंय, हरकत असेल तर १५ दिवसांत द्या. घेणारा तिसराच माणूस, अण्णांनी कधी न पाहिलेला. लिहून देणार म्हणून अण्णांचं नाव, आणि त्यांच्या "तर्फे कुलमुखत्यार", म्हणजे त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार असलेला माणूस, म्हणून आमच्या गिऱ्हाइकाच्या भागीदाराची सही.

त्या रात्री मी पहिल्यांदा मूळ साठेखत वाचलं. सारांश डावीकडे, दस्त उजवीकडे. पहिल्या ओळीचं दस्तात असं झालं होतं: मोबदल्याच्या तपशिलात ४ लाखांच्या ट्रान्सफरखाली त्या चार चेकचे नंबर होते, आणि खाली वाक्य, "सदर मोबदल्याची संपूर्ण रक्कम लिहून देणार यांना वरील तपशिलाप्रमाणे मिळाली असून ती भरून पावली, त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही." बाकी ३६ लाख हा शब्दच दस्तात नव्हता. म्हणजे "चेक दिला" याचं "पैसे दिले" झालं होतं. चेकचा नंबर आहे पण तारीख नाही, तरी कुणाला खटकलं नाही. आमच्या वकिलांनी मात्र पान उलटताच तिथे बोट ठेवलं.

ताब्याचं कलम छोटं होतं, "ताबा आज रोजी दिला व घेतला." आपल्याकडे ताबा साठेखत आणि बिनताबा साठेखत यांत मोठा फरक आहे. ताबा दिला की मुद्रांक शुल्कासाठी ते साठेखत खरेदीखतासारखंच धरलं जातं, आणि नोंदणी झालेल्या साठेखतानुसार ताब्यात असलेल्या माणसाला हुसकावणं अवघड होऊन बसतं. आमच्या गिऱ्हाइकाने साठेखतालाच पूर्ण शुल्क भरलं होतं. ४ लाख इसार देणारा माणूस पूर्ण ४० लाखांवरचं शुल्क आजच का भरतोय, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

पण खरा घाव तिसऱ्या ओळीत होता. "दुसरी प्रत" म्हणजे कुलमुखत्यारपत्र. त्यात मोजणी आणि परवानगीची कामं होती हे खरं, सारांश अगदीच खोटा नव्हता. ती पहिली पाच कलमं. सहावं असं: "आमच्या वतीने खरेदीखत लिहून देणे, त्यावर सही करणे, नोंदणीस हजर राहून कबुलीजबाब देणे, मोबदला स्वीकारून पावती देणे." शेवटी, "सदर कुलमुखत्यारपत्र कायमस्वरूपी असून ते रद्द करता येणार नाही." हा एक कागद हातात असला की अण्णांची गरजच उरत नव्हती. नोंदणीच्या वेळी मुखत्याराने एक घोषणापत्र द्यायचं, की लिहून देणारे हयात आहेत आणि अधिकार रद्द झालेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या.

सगळ्यात जास्त चिडचिड मला कशाची झाली सांगू? फायलीत दोन पावत्या होत्या. नोंदणीची पावती मिळते ना, तिच्यावर दस्ताचा प्रकार, दस्त क्रमांक आणि पानांची संख्या छापलेली असते, कारण हाताळणी फी पानामागे आकारतात. एका पावतीवर "साठेखत", दुसरीवर "कुलमुखत्यारपत्र", दोन्हींचे क्रमांक वेगळे. दुसऱ्या प्रतीला वेगळा क्रमांक कशाला मिळेल? अकरा महिने ते दोन कागद एकाच टाचणीत होते.

पुढचं थोडक्यात. तलाठ्याकडे मुदतीत हरकत दिली, त्यामुळे नोंद तक्रारीत गेली आणि फेरफार मंजूर झाला नाही. त्याने मालकी परत येत नाही, फक्त सातबाऱ्यावर नवीन नाव चढून प्लॉट पुढे विकला जाणं अवघड होतं. कुलमुखत्यारपत्र रद्द केलं, नोंदवून आणि नोटीस देऊन, पण घोडा पळाल्यावर. वकिलांच्या सल्ल्याने चेकवर तारीख टाकून बँकेत भरले, चारही "खाते बंद" शेऱ्यासह परत आले. त्यावर ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, ती दिली. पोलिसांनी अर्ज घेतला आणि "दिवाणी स्वरूपाचं आहे" म्हणाले. खरेदीखत रद्द करण्याचा दावा दिवाणी कोर्टात आहे. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो लावावा लागतो.

पहिल्याच भेटीत वकिलांनी विचारलं, "सारांशावर कोणाची सही आहे?" कोणाचीच नव्हती. तारीख नाही, वकिलाचं नाव नाही, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, "माहितीसाठी. मूळ दस्तातील मजकूर अंतिम राहील." मोठ्या अक्षरांच्या कागदावरची तेवढीच एक ओळ बारीक होती. नोंदलेल्या दस्तातल्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. फसवणूक हा त्याला अपवाद आहे, आणि पैसे मिळालेच नाहीत हेही दाखवता येतं. पण ते शाबीत आपण करायचं, आणि समोरच्याकडे अण्णांच्या सहीचं वाक्य आहे, "दस्त वाचून, समजून, राजीखुशीने लिहून दिला."

यंदा मावशीच्या फ्लॅटच्या व्यवहारात सारांश मीच लिहिला. आधी मसुदा हातात घेतला, तोही चार दिवस अगोदर. प्रत्येक ओळीपुढे पान आणि कलमाचा नंबर टाकला. ज्या ओळीला नंबर सापडेना ती सारांशातून काढली आणि मसुद्यात का नाही ते विचारलं. अण्णांच्या त्या नऊ ओळींत एकही कलम क्रमांक नव्हता, एवढं जरी बघितलं असतं! मग उलट बाजूनेही वाचलं, म्हणजे दस्तातलं प्रत्येक कलम सारांशात कुठे आलंय. वेळ गेला, पण लपवलेलं या दुसऱ्या वाचनातच सापडतं, पहिल्यात नाही. "भरून पावली", "ताबा" आणि "मुखत्यार" हे तीन शब्द असलेली वाक्यं मी सोपी केलीच नाहीत, जशीच्या तशी उतरवली आणि मावशीला मोठ्याने वाचून दाखवली. पहिल्या वाक्याला ती म्हणाली, "अगं, पण पैसे तर अजून यायचेत." ते वाक्य बदलून घेतलं, "आजपर्यंत फक्त २ लाख मिळाले" असं. घेणाऱ्याने कुरकुर केली नाही, सरळ माणूस होता.

मध्यस्थाने मला पाठवलेली ती पीडीएफ अजून फोनमध्ये आहे. फोन बदलायचा नाही, चॅट पुसायचं नाही असं वकिलांनी बजावलंय, कारण साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लावून ती कोर्टात द्यायची आहे. सारांश त्याच्याकडूनच आला हे दाखवणारी तीच एक गोष्ट. छापील पानं दाव्याच्या कागदांबरोबर दाखल केली. ती देताना अण्णांना लाज वाटली, लाल खुणा खोडू का म्हणून विचारत होते. वकील म्हणाले, "गुरुजी, त्या राहू द्या. तुम्ही कशावर विश्वास ठेवून सही केलीत, ते त्या खुणांवरूनच दिसतंय."