जांभळाचं सरबत की जांभळाची वाइन? कर कुठे आणि कधी भरावा लागतो ते आधी पाहा

कोकणात जांभूळ, करवंद किंवा काजूबोंडावर प्रक्रिया करायला उतरणाऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक सरबताची, दुसरी वाइनची. बहुतेक जण विचारतात, कोणत्या मालावर कर कमी? मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: कर भरायची वेळ येईल तेव्हा तुमचे पैसे कुठे असतील?

सरबतावर जीएसटी लागतो आणि तो विक्रीवर असतो. माल कारखान्यात पडून आहे तोवर देणं उभं राहत नाही. पिण्याची दारू मात्र २०१७ साली जीएसटी आला तेव्हाच त्याच्या बाहेर ठेवली गेली, आणि वाइन त्यातच मोडते. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, म्हणजे आपण ज्याला एक्साईज म्हणतो ते, आणि शिवाय विक्रीच्या टप्प्यावर व्हॅट. एक्साईज लागू होतं माल तयार झाला म्हणून. सोयीसाठी ते वसूल होतं बाटली परवान्याच्या गोदामातून बाहेर पडताना. गिऱ्हाईक मिळालं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आकड्यांत पाहू. दर हिशेबापुरते धरले आहेत. खरे दर सरकार वेळोवेळी बदलतं.

समजा ७५० मिलीच्या २,००० बाटल्या वाइन भरली, म्हणजे १,५०० लिटर. एक्साईज लिटरला ४० रुपये धरलं, तर सगळा माल गोदामाबाहेर काढताना ६०,००० रुपये आधी भरावे लागतील. तीन महिन्यांत १,२०० बाटल्या खपल्या. उरलेल्या ८०० बाटल्यांत ६०० लिटर माल आहे, आणि त्यात तुमचे शुल्काचेच २४,००० रुपये अडकले. बाटली वाटेत फुटली तरी भरलेलं शुल्क सहजी परत मिळत नाही. गोदामातच नोंदवहीपेक्षा माल कमी भरला आणि तूट मान्य घटीपेक्षा जास्त निघाली, तर त्या तुटीवरही शुल्क मागतात.

आता तेवढंच सरबत घ्या, बाटलीला १०० रुपये, कर ५ टक्के. खपलेल्या १,२०० बाटल्यांवर ६,००० रुपये कर होतो. रिकाम्या बाटल्या १२ रुपयांप्रमाणे २४,००० च्या घेतल्या आणि त्यावर १८ टक्क्यांनी ४,३२० रुपये भरले, तर ते वजा होतात. हातून जातात १,६८० रुपये. वाइनसाठी घेतलेल्या काचेच्या बाटल्यांवरही तोच जीएसटी भरावा लागतो, पण वाइन जीएसटीबाहेर असल्याने त्याची वजावट मिळत नाही. ते ४,३२० सरळ खर्चात धरायचे. नव्याने उतरणाऱ्यांच्या हिशेबात ही रक्कम हमखास सुटलेली असते.

पण सरबताची वाट निर्धोक आहे असं समजू नका. तिथला सापळा उधारीचा. नेहमीच्या मासिक विवरणपत्रात बिल केलेल्या मालाचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा असतो, दुकानदाराने पैसे दिले नसले तरी. पुण्या-मुंबईच्या दुकानांना ९० दिवसांच्या उधारीवर माल देणार असाल, तर कर तुम्ही पदरचा भरत राहाल. माल खराब झाला तर जीएसटी लागत नाही, पण त्या मालासाठी घेतलेली वजावट परत करावी लागते.

दर बदलला की फरक आणखी ठळक होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऐन दिवाळीत केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरला ५ रुपयांनी घटवलं. ज्या पंपांच्या टाक्या जुन्या शुल्काच्या मालाने भरलेल्या होत्या, त्यांना सकाळी नव्या दराने विकावं लागलं आणि तोटा सोसावा लागला. शुल्क मालात मुरलेलं असतं, म्हणून हे होतं. विक्रीवरचा दर घटला, तर नव्या बिलावर नवा दर लावून पुढे जाता येतं.

उलट बाजूही तेवढीच खरी. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क जाहीर उत्पादन खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट केलं. लिटरचा खर्च १०० रुपये असेल, तर ३०० चे ४५० झाले. व्हॅट या शुल्कासह येणाऱ्या किमतीवर बसतो, त्यामुळे वाढलेल्या दीडशेवर पुन्हा व्हॅट.

माझं मत स्पष्ट आहे. खेळतं भांडवल तोकडं असेल आणि माल हंगामी गिऱ्हाइकांवर खपणार असेल, तर आधी सरबत करा, आणि उधारी ३० दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. वाइनच करायची असेल, तर परवान्याच्या गोदामात जागा मोठी ठेवा आणि हातात ऑर्डर असेल तेवढाच माल बाहेर काढा. आत असलेल्या मालावर शुल्क भरायची वेळ आलेली नसते, आणि वाइनला थांबणं मानवतं. सरबताला मानवत नाही.