पंपिंग स्टेशनच्या कंट्रोलरसाठी लिनक्स घ्यावं की मायक्रोकर्नल?

भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की मुंबईतल्या इर्ल्यासारख्या पंपिंग स्टेशनवर समुद्राकडचे दरवाजे बंद ठेवावे लागतात, आणि साचलेलं पाणी बाहेर काढायला फक्त पंप उरतात. समजा, महापे किंवा सीप्झमधल्या एखाद्या छोट्या टीमला अशा ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारा कंट्रोलर बनवायचा आहे. सेन्सर त्याचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या, एसपीआय बसवरच्या एडीसी चिपला जोडलेला, सेकंदाला १० वाचनं, आणि त्या एडीसीसाठी ड्रायव्हर स्वतःच लिहायचा. ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स घ्यायची की क्यूएनएक्ससारखी मायक्रोकर्नलवाली, म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर ठेवणारी? एरवी हा वाद वेगावरून रंगतो. इथे मात्र आधी विचारायला हवं की ड्रायव्हर चुकला तर पुढे काय होतं.

लिनक्सपासून सुरुवात करू. तुमचा ड्रायव्हर `level_adc.ko` या मॉड्यूलमध्ये आहे. `insmod` केल्यावर कर्नल त्याच्यासाठी मेमरी घेतं, त्याला लागणाऱ्या फंक्शनचे पत्ते जोडून देतं आणि त्याचं सुरुवातीचं फंक्शन चालवतं. त्यानंतर तो कोड कर्नलचाच भाग असतो. मेमरी तीच, अधिकारही तेच. मॉड्यूल वेगळ्या फाइलमध्ये असतं म्हणून ते कर्नलपासून वेगळं राहत असेल, हा समज बऱ्याच जणांचा असतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे. मॉड्यूल हवं तेव्हा घालता आणि काढता येतं. त्यापुढे कुंपण काही नाही.

आता ड्रायव्हरच्या `read` मध्ये `mutex_lock` ने कुलूप घेतल्यावर एक नल पॉइंटर वापरला गेला असं धरा. कर्नल ऊप्स, म्हणजे स्वतःच्या आतल्या चुकीचा अहवाल, छापतं आणि ज्या प्रोसेसने `read` मागितलं होतं तिला मारतं. पण तिने घेतलेलं कुलूप कोणी उघडत नाही. पुढची प्रोसेस वाचायला येते, त्या कुलपापाशी थांबते आणि `ps` मध्ये D अवस्थेत दिसू लागते. `kill -9` तिच्यावर चालत नाही. `rmmod` करायला जावं तर मॉड्यूल वापरात असल्याचं उत्तर मिळतं, कारण अडकलेल्या प्रोसेसने डिव्हाइसची फाइल उघडून ठेवलेली असते.

सगळ्यात घातक भाग यापुढे आहे. बाकीचं यंत्र व्यवस्थित चालू राहतं. पिंगला उत्तर येतं, एसएसएचही लागतं. `RuntimeWatchdogSec` लावलेलं असेल तर वेळेवर थोपटलं नाही की यंत्र रीसेट करणाऱ्या हार्डवेअर वॉचडॉगला systemd थोपटत राहतो, कारण तो स्वतः अडकलेला नसतो. पडद्यावर मात्र पातळीचा शेवटचा आकडा तसाच राहतो, आणि नाल्यातलं पाणी चढतच असतं.

यावर उपाय आहे, पण तो आपणच लावायचा असतो. `sysctl` मध्ये या दोन ओळी टाका:

```
kernel.panic_on_oops = 1
kernel.panic = 5
```

यामुळे ऊप्स झाल्यावर कर्नल अर्धमेलं चालत न राहता पॅनिक होतं आणि ५ सेकंदांनी यंत्र रीबूट होतं. शिवाय `RuntimeWatchdogSec` काढून वॉचडॉगला थोपटण्याचं काम मोजणाऱ्या प्रोग्रामकडेच द्या, आणि तेही ताजं वाचन हाती आल्यावरच. ऊप्स न होता ड्रायव्हर नुसता अडकला, तरी ही दुसरी सोय त्याला पकडते.

क्यूएनएक्समध्ये तीच चूक वेगळी वागते. तिथे ड्रायव्हर ही साधी प्रोसेस असते. नल पॉइंटरमुळे ती मरते, तिची मेमरी आणि तिची कुलपं तिच्याबरोबर जातात, आणि उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला `MsgSend` मधून एरर मिळते. लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस ड्रायव्हर पुन्हा चालू करते, प्रोग्राम डिव्हाइस पुन्हा उघडतो आणि मोजणी पुढे सुरू होते. पंप चालवणाऱ्या भागाला धक्का लागत नाही.

अर्थात हे आपोआप जुळून येत नाही. मरताना ड्रायव्हरने एडीसीला अर्धीच आज्ञा दिलेली असू शकते, म्हणून नव्या ड्रायव्हरने सुरुवातीलाच चिप रीसेट केली पाहिजे. प्रोग्राममध्येही एरर आल्यावर डिव्हाइस पुन्हा उघडण्याचा कोड लागतो, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. डीएमए, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणं, वापरत असाल तर अजून एक भोक उरतं. चिपमध्ये अशा लिहिण्यावर पहारा ठेवणारं आयओएमएमयू नसेल, तर वेगळ्या प्रोसेसमधल्या ड्रायव्हरनेही चुकीचा पत्ता दिला की हार्डवेअर थेट दुसऱ्याच्या मेमरीत लिहितं. मायक्रोकर्नल ते थांबवू शकत नाही.

वेगाचा मुद्दा थोडक्यात. लिनक्समध्ये एक सिस्टिम कॉल होतो आणि पुढे ड्रायव्हरचं फंक्शन थेट बोलावलं जातं. मायक्रोकर्नलमध्ये निरोप ड्रायव्हरच्या प्रोसेसकडे जातो आणि उत्तर परत येतं, म्हणजे प्रोसेस दोनदा बदलावी लागते. १९९३ मध्ये योखेन लीडके यांनी ४८६ प्रोसेसरवर असा छोटा निरोप सुमारे ५ मायक्रोसेकंदांत पोचवून दाखवला, तेव्हा माख हे मायक्रोकर्नल त्याच कामाला १०० मायक्रोसेकंदांहून जास्त घेत होतं. आपल्या कंट्रोलरला प्रत्येक वाचनामागे १० मायक्रोसेकंद जादा लागले असं धरलं, तरी सेकंदाला होतात १००, म्हणजे वेळेचा दहा हजारावा भाग. सेकंदाला लाखो पॅकेट हाताळणाऱ्या राउटरचं गणित वेगळं येईल. इथे वेगावरून निर्णय करू नका.

मॉड्यूल ठेवताना लिनक्सने जो सौदा केला तो फील्डमध्ये अपडेट करताना कळतो. थेट फंक्शन कॉलचा वेग हवा आणि आतली रचना कधीही बदलायची मोकळीकही हवी, म्हणून कर्नलच्या आतल्या इंटरफेसची कायमची हमी मुद्दामच दिलेली नाही. त्यामुळे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं, त्याच कर्नलवर चालतं. नुसतं कर्नल बदललं की `Invalid module format` येतं, आणि `dmesg` मध्ये बहुधा अशी ओळ सापडते:

```
level_adc: disagrees about version of symbol module_layout
```

`modinfo -F vermagic level_adc.ko` चं उत्तर `uname -r` शी ताडून पाहा. जागेवर जाऊन मॉड्यूल बांधत बसण्यापेक्षा कर्नल आणि मॉड्यूल एकाच इमेजमधून पाठवा, आणि जुनी इमेज दुसऱ्या पार्टिशनवर राहू द्या. क्यूएनएक्सचा ड्रायव्हर साध्या प्रोसेससारखा कर्नल कॉल आणि निरोप यांतूनच काम करतो, त्यामुळे इतका चिकटून नसतो. तिथे परवान्याचे पैसे मोजावे लागतात आणि निवडलेल्या बोर्डावर ती चालवायला लागणारं बीएसपी हे पॅकेज मिळतं का, हे आधी बघावं लागतं. लिनक्स येणारा माणूस मुंबईत शोधायला सोपा, हेही हिशेबात धरायला हवं.

या कंट्रोलरसाठी आमचं मत लिनक्सच्या बाजूने आहे, पण स्वतःचं मॉड्यूल न लिहिता. एडीसी एमसीपी३२०८ सारखा असेल तर त्याचा `mcp320x` हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच आहे, आणि आकडा `/sys/bus/iio/devices` खालच्या फाइलमधून वाचता येतो. चिप अनोळखी असेल तर `spidev` वापरून ड्रायव्हर साध्या प्रोसेसमध्ये लिहा. सेकंदाला १० वाचनांना तो भरपूर पुरतो. चूक झाली तर ती प्रोसेस मरते आणि systemd तिला `Restart=always` ने उठवतो. तुमच्या कोडपुरता मायक्रोकर्नलचा मुख्य फायदा इथे जवळजवळ फुकटात मिळतो. खालचा एसपीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर अर्थात कर्नलमध्येच राहतो, म्हणून वरच्या दोन `sysctl` ओळी तरीही ठेवा.

हाच बोर्ड उद्या रुग्णाच्या श्वासाशी किंवा गाडीच्या ब्रेकशी जोडायचा असेल, तर आमचं उत्तर बदलेल. तिथे श्वासासाठी आयईसी ६२३०४ आणि ब्रेकसाठी आयएसओ २६२६२ या मानकांनुसार सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. क्यूएनएक्सची त्यासाठी प्रमाणित आवृत्ती मिळते, आणि ती घेणं स्वतः लिनक्ससाठी पुरावे गोळा करण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

काहीही निवडलं तरी माल पाठवण्याआधी दोन चाचण्या घ्या. ड्रायव्हरच्या प्रोसेसला, किंवा ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर मोजणाऱ्या प्रोग्रामला, आधी `kill -SEGV` द्या आणि ताजं वाचन किती वेळात परत येतं ते मोजा. मग `kill -STOP` द्या. दुसऱ्या चाचणीत प्रोसेस मरत नाही, नुसती थांबते, त्यामुळे पुन्हा चालू करणारी यंत्रणा गप्प बसते. अशा वेळी वॉचडॉगने यंत्र रीसेट केलं नाही, तर त्याला चुकीचा प्रोग्राम थोपटतो आहे.