लॅमिनेट, अ‍ॅक्रिलिक आणि मेंब्रेन, तिन्ही एकाच किचनमध्ये: पाचेक वर्षांनी काय टिकलंय

आमच्या डोंबिवलीच्या किचनमध्ये कपाटांच्या दारांना तीन वेगवेगळी फिनिश आहेत: ओट्याखाली सगळं लॅमिनेट, वरच्या कपाटांना अ‍ॅक्रिलिक, आणि शेगडीच्या बाजूची दोन दारं आणि उंच युनिट मेंब्रेनचं, कारण आईला नक्षीची दारं हवी होती आणि खोबणीवाली डिझाइन मेंब्रेनमध्येच सोपी निघते. रोज दोन वेळा कुकर, भरपूर फोडण्या. त्यामुळे तिन्हीची बऱ्यापैकी परीक्षा झालीय.

आधी मेंब्रेन, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथेच. मेंब्रेन म्हणजे पीव्हीसीची पातळ फॉइल, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर, लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या एमडीएफ बोर्डवर ग्लू मारून गरम करून व्हॅक्यूमने ओढून बसवतात. पुढून आणि चारी कडांवर एकच अखंड कातडं, कडेला वेगळी चिकटवलेली पट्टी म्हणजे एज बँड नाही, त्यामुळे नवीन असताना एकदम स्वच्छ दिसतं. पण ती फॉइल ताणून बसवलेली असते आणि उष्णता मिळाली की तिला परत आकसायचं असतं. शेगडीजवळच्या वरच्या दारावर कुकरची वाफ रोज खालून आदळते, तिथे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी खालच्या कोपऱ्यात नखाला अडकेल इतकी कड उचलली आणि मग महिन्या-महिन्याला पुढे सरकत गेली. सुताराने ग्लू भरून चिकटवून पाहिलं, पण फॉइल आकसून आखूड झालेली, ती कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही, आतला एमडीएफ उघडाच राहतो आणि मग तो ओल पिऊन फुगतो. शेवटी ते दार नवीन करून घेतलं, आणि नव्याचा पांढरा जुन्यापेक्षा स्पष्ट वेगळा दिसतो. गंमत म्हणजे त्याच बॅचचं उंच युनिट, शेगडीपासून लांब, आजही जसंच्या तसं आहे! म्हणजे मटेरियल वाईट नाही, जागा चुकीची होती.

अ‍ॅक्रिलिकचं उलटं. उष्णतेने काही झालं नाही, रंगही पिवळा पडला नाही (आमचा पांढराच आहे), पण बारीक गोल-गोल ओरखडे. समोरून दिसत नाहीत, सकाळी खिडकीतून तिरकं ऊन आलं की सगळं दार जाळीसारखं दिसतं. कारण साधं आहे, वर तेलाचा थर, त्यावर धूळ, आणि आपण ते कोरड्या फडक्याने घासतो. आता आम्ही कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, मऊ मायक्रोफायबर, आणि दुसऱ्या फडक्याने टिपून घेतो, तेव्हापासून वाढ थांबलीय. काच पुसायचे स्पिरिटवाले स्प्रे मात्र अजिबात नको, अ‍ॅक्रिलिकला त्याने केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. हलके ओरखडे बफिंग करून जातात, ही त्याची जमेची बाजू. गडद रंग घेणार असाल तर मात्र नीट विचार करा, काळ्या किंवा वाईन कलरवर प्रत्येक रेघ आणि बोटाचा ठसा दिसतो.

लॅमिनेटबद्दल लिहायला फार नाही, आणि तेच त्याचं कौतुक. १ मिमीचं, मॅट, प्लायवर चिकटवलेलं. हळद, तेल, गरम चमच्याचा टेका, मुलाची सायकल, सगळं झालं, पृष्ठभागाला काही नाही. (खरखरीत टेक्श्चर घेतलं असतं तर खाचांत तेलकट काळपट बसलं असतं, बहिणीकडे तेच झालंय, दर आठवड्याला ब्रश लागतो.) त्याचं दुखणं कडांना असतं. सिंकखालच्या दाराची खालची कड दिसत नाही म्हणून आमच्या फॅक्टरीने तिथे एज बँड लावलाच नव्हता, उघडा प्लाय! पाणी दारावरून ओघळतं आणि तिथेच थेंब धरून बसतं. पहिल्या पावसाळ्यात कड जाडसर लागायला लागली तेव्हा कळलं, वाळवून एज बँड लावून घेतला, आता ठीक आहे.

म्हणून किचन ताब्यात घेताना मोबाइलचा कॅमेरा दाराखाली धरून प्रत्येक खालच्या कडेचा फोटो काढा, बिजागरीच्या गोल खड्ड्यात आणि हँडलच्या भोकांत कच्चा एमडीएफ उघडा आहे का ते बघा, असेल तर वॉर्निश किंवा सिलिकॉनने बंद करायला लावा. एज बँड कुठल्या ग्लूने लावणार तेही विचारा. साधा हॉट मेल्ट उष्णतेने मऊ पडतो, पीयूआर ग्लू उष्णता आणि पाणी दोन्ही जास्त झेलतो, थोडे पैसे जास्त जातात पण सिंक आणि शेगडीजवळच्या दारांना तरी तोच मागा.

आज परत करायचं झालं तर ओट्याखाली आणि शेगडीच्या आसपास मॅट लॅमिनेटच, वर अ‍ॅक्रिलिक पण हलक्या रंगात, आणि मेंब्रेन फक्त वाफेपासून लांब. आणि ऑर्डर देतानाच एक-दोन जादा दारं त्याच बॅचमधली करून माळ्यावर ठेवून द्यायची.