कंबर बसते, मांडी अडते: मोठे माप, उसवून वाढवणे की शिवून घेणे?

ज्यांच्या मांड्या आणि पोटऱ्या तालमीने, सायकलिंगने किंवा वजन उचलण्याने भरलेल्या आहेत, त्यांच्यासमोर तीन मार्ग असतात: एक-दोन मापे मोठी पँट घेऊन कंबर कमी करून घेणे, कंबरेला बसणारी पँट मांडीत उसवून वाढवणे, किंवा कापड घेऊन शिवून घेणे. कोणता मार्ग निवडावा हे कपाटातल्या पँटला नेमके किती इंच कमी पडतात आणि कुठे कमी पडतात, यावरून ठरते.

म्हणून आधी माप घ्यावे. मांडीचा घेर सर्वात जाड ठिकाणी, उभे राहून आणि खुर्चीवर बसून असा दोनदा मोजावा, कारण बसल्यावर मांडी पसरते. पँट सपाट ठेवून, दोन्ही पाय जिथे जुळतात त्या जोडाच्या एक इंच खाली रुंदी मोजून दुप्पट करावी. न ताणणाऱ्या कापडात उभ्याने मोजलेल्या घेरापेक्षा पँट निदान 2 इंच सैल हवी. सैलपणा कमी असेल तर खिशांची तोंडे उघडी पडतात आणि मांडीवर आडव्या चुण्या ओढल्या जातात. पोटरीत जागा नसेल तर खुर्चीवरून उठल्यावर पँटचा पाय आपोआप खाली येत नाही, तो पोटरीवरच अडकून राहतो.

आता एक उदाहरण घेऊ. इंदूरमधल्या एखाद्या कुस्तीपटू तरुणाची कंबर 32 इंच, मांडी 25 आणि पोटरी 16.5 इंच आहे. त्याच्या 32 मापाच्या पँटची मांडी 25.5 इंच भरते, म्हणजे हव्या असलेल्या 27 इंचांना दीड इंच कमी.

तयार पँटमध्ये कंबर 2 इंच वाढली की मांडी साधारण एकच इंच वाढते. त्यामुळे 34 मापात 26.5 इंच मिळतील आणि खरी सोय 36 मापातच होईल. तेव्हा कंबर 4 इंच कमी करावी लागेल. मागच्या मधल्या शिवणीतून 2 इंचांपर्यंत कंबर नीट घेता येते, पण त्यापुढे मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ सरकतात आणि बैठकीचा आकार बिघडतो. म्हणजे एक इंच कमी पडत असेल तर एक माप मोठे घेणे योग्य आहे, त्याहून अधिकासाठी ते माझ्या मते चुकीचेच.

उसवून वाढवण्याची मर्यादा पँट उलटी करून पाहताच कळते. मांडीच्या आतल्या शिवणीत किती माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जास्तीचे कापड, सोडली आहे ते बघावे. औपचारिक पँटमध्ये तिथून बहुधा पाऊण ते एक इंच मिळतो, पण बाहेरच्या शिवणीत आणि गुडघ्याखाली फारसे काही निघत नाही, म्हणून पोटरीची तक्रार तशीच राहते. पँट बरीच धुतलेली असेल तर जुन्या शिवणीची रेघही दिसत राहते. जीन्सच्या शिवणी दुमडून दुहेरी टाके घातलेल्या असतात, तेव्हा तिथे या मार्गाचा विचारही करू नये.

आमच्या तरुणासाठी शिवून घेणेच योग्य. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून कापड घेतले तरी खरे काम टेलरशी बोलण्यात आहे. बहुतेक टेलर गुडघा आणि मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर, मोजतात आणि दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढतात. पोटरी मोजलीच जात नाही. गुडघा 19 इंच आणि मोहरी 13.5 इंच धरली, तर गुडघ्यापासून मोहरीपर्यंतच्या एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे पोटरी जिथे सर्वाधिक भरते तिथे, पँट सुमारे 17.2 इंच राहते. 16.5 इंचांच्या पोटरीला ती अडणारच. गुडघा 20 आणि मोहरी 15.5 ठेवली तर तिथे 18.5 इंच मिळतात, म्हणजे पुरते 2 इंच सैल. म्हणून पोटरीचे माप मुद्दाम लिहून घ्यायला सांगावे. मांडीची जास्तीची जागा मुख्यतः मागच्या भागात, आतल्या बाजूने वाढवावी, आणि पुढे एक प्लेट ठेवावी. त्यामुळे उभे असताना पँट फुगलेली दिसत नाही आणि बसताना जागा सुटते. आतल्या शिवणीत एक इंच माया राखायला सांगणे विसरू नये. सुती कापड असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवावे आणि कच्च्या शिलाईवर एकदा बसून, उकिडवे होऊन पाहावे.

ताणणाऱ्या कापडाच्या तयार पँटचा मोह समजण्यासारखा आहे आणि जिथे अर्धा-पाऊण इंचच कमी आहे तिथे त्या चालतात. मात्र कापड ताणलेल्या अवस्थेत माप पुरले म्हणजे बसले असे नव्हे: स्नायूंचा आकार कापडावर उमटलेलाच राहतो आणि ताण सतत पडला की गुडघे लवकर ढिले पडतात. कार्यालयासाठी पँट हवी असेल तर मी तरी त्या घेणार नाही.