व्हिजिटिंग कार्डावर पदनाम कसं लिहाल? मॅनेजिंग डायरेक्टर, जनरल मॅनेजर आणि पार्टनर यांच्या मराठी पर्यायांची तुलना

दोन बाजूंचं कार्ड छापायला टाकलं की इंग्रजी बाजू पाच मिनिटांत ठरते आणि मराठी बाजूवर गाडी अडते. मॅनेजिंग डायरेक्टरसाठी कुणी व्यवस्थापकीय संचालक सुचवतं, कुणी कार्यकारी संचालक, कुणी प्रबंध निदेशक. छपाईवाल्याचं म्हणणं असतं, "साहेब, देवनागरीत मॅनेजिंग डायरेक्टरच टाका, सगळ्यांना कळतं." यातलं कुठलंच उत्तर अगदी वेडगळ नाही. पण कुठलं कुणाला चालेल हे शब्दकोश सांगत नाही. ते ठरतं तुमची संस्था कागदोपत्री काय आहे यावरून: एकट्याच्या मालकीची, भागीदारी, एलएलपी, कंपनी की सहकारी.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक पण ओळखीचं उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत दोन भावांची फाउंड्री आहे. बरीच वर्षं भागीदारी फर्म होती, आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. थोरले भाऊ मॅनेजिंग डायरेक्टर, धाकटे डायरेक्टर. थोरल्यांचा मुलगा खरेदी बघतो, पण कुठल्याच कागदावर नाही. आणि पगारी जनरल मॅनेजर आहेत, तेच रोज कारखाना चालवतात. चार कार्डं, दोन भाषा.

थोरल्यांचं कार्ड आधी. 'व्यवस्थापकीय संचालक' हा मराठीतला रुळलेला शब्द आहे. महावितरण, एसटी महामंडळ, सिडको अशा सरकारी कंपन्या आणि महामंडळांच्या बातम्यांत तो रोज येतो, त्यामुळे बँकेतल्या किंवा सरकारी कार्यालयातल्या माणसाला तो वाचून थांबावं लागत नाही. त्याचा एकच दोष म्हणजे लांबी. 'कार्यकारी संचालक' सुटसुटीत आहे, पण तिथे जपून. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघांत मॅनेजिंग डायरेक्टरलाच कार्यकारी संचालक म्हणण्याचा प्रघात आहे. तिथे तो संचालक मंडळाच्या हाताखाली काम करणारा पगारी मुख्य अधिकारी असतो. खासगी कंपनीत मात्र हेच शब्द एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरसाठी वापरतात, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरच्या खालच्या किंवा बरोबरीच्या संचालकासाठी. त्यामुळे साखर कारखान्याच्या साहेबांचं 'कार्यकारी संचालक' इंग्रजीत मॅनेजिंग डायरेक्टर होईल, तर शिरोलीच्या थोरल्या भावांच्या कार्डावर तेच शब्द छापले की मराठी बाजू त्यांना एक पायरी खाली उतरवेल. कोल्हापूर, सांगली, नगरकडे हा घोळ जास्त होतो, कारण तिथे कारखान्याची भाषा सगळ्यांच्या तोंडात बसलेली आहे.

'प्रबंध निदेशक' सरळ बाद करा. ते हिंदी आहे, आणि केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या हिंदी पाट्यांवरून इकडे येतं. मराठी माणसाला प्रबंध म्हटलं की पीएचडी आठवते. त्याचा भाऊ 'महाप्रबंधक' रेल्वेच्या फलकांवर भेटतो, त्यालाही तिथेच राहू द्या.

राहिलं देवनागरीतलं 'मॅनेजिंग डायरेक्टर'. मला ते कमीपणाचं वाटत नाही. ज्याचा सगळा व्यवहार पुणे-मुंबईच्या वाहन कंपन्यांशी आहे आणि मराठी बाजू केवळ स्थानिक पुरवठादारांसाठी आहे, त्याने खुशाल हे छापावं. फक्त एका संस्थेच्या सगळ्या कार्डांवर एकच रीत ठेवा. थोरले भाऊ 'मॅनेजिंग डायरेक्टर' आणि धाकटे 'संचालक' अशी कार्डं एकाच टेबलावर आली की वाचणाऱ्याला वाटतं, दोघांची पदं वेगवेगळ्या जातीची आहेत. शिरोलीसाठी माझी निवड: थोरले व्यवस्थापकीय संचालक, धाकटे संचालक.

मात्र हे छापण्याआधी एक गोष्ट तपासा. कंपनी कायदा 2013 प्रमाणे मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे ज्याच्याकडे नियमावलीने, कराराने, सर्वसाधारण सभेच्या किंवा संचालक मंडळाच्या ठरावाने व्यवस्थापनाचे भरीव अधिकार सोपवलेले आहेत असा संचालक. वयाने मोठे आहेत म्हणून कुणी आपोआप मॅनेजिंग डायरेक्टर होत नाही. ठराव हवा, आणि पद बदललं की DIR-12 हा फॉर्म भरावा लागतो. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीच्या संचालकांची नावं आणि पदं कुणालाही दिसतात. कर्ज देणारी बँक कार्ड हातात घेऊन तिथेच बघते. कार्डावर व्यवस्थापकीय आणि तिथे नुसतं डायरेक्टर असं दिसलं की पहिला प्रश्न तोच येतो.

आता जनरल मॅनेजर. 'महाव्यवस्थापक' आणि 'सरव्यवस्थापक' दोन्ही शुद्ध मराठी आहेत, अर्थामध्ये काडीचा फरक नाही, फरक आहे तो घराण्याचा. बेस्टचे महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक असं आपण म्हणतो. सरव्यवस्थापक प्रामुख्याने सहकारी बँकांत भेटतो, आणि सरचिटणीस, सरन्यायाधीश या पंगतीत तो शोभतोही. कारखान्याच्या कार्डावर मी महाव्यवस्थापक घेईन, कारण सरव्यवस्थापक वाचून माणूस पतसंस्थेतला असावा असं वाटतं. डेप्युटी आणि असिस्टंट जनरल मॅनेजर असतील तर उपमहाव्यवस्थापक आणि सहायक महाव्यवस्थापक. इथे 'उप' आणि 'सहायक' यांची अदलाबदल करू नका, कारण बहुतेक ठिकाणी उप हा सहायकाच्या वर असतो.

जनरल मॅनेजरचं नुसतं 'व्यवस्थापक' करू नये, आणि त्याला केवळ मानापमान हे कारण नाही. कंपनी कायद्यात 'मॅनेजर' हेही एक वेगळं पद आहे: संचालक मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा सगळा किंवा जवळजवळ सगळा कारभार पाहणारी व्यक्ती. कलम 196 सांगतं की एकाच कंपनीत एकाच वेळी मॅनेजिंग डायरेक्टर आणि असा मॅनेजर असे दोघे नेमता येत नाहीत. कार्डावरच्या एका शब्दाने कुणी कायद्यातला मॅनेजर होत नाही, तिथे प्रत्यक्ष अधिकार बघतात. पण मागे कुठलंही खातं न लावता 'व्यवस्थापक' एवढंच छापलेलं कार्ड उगाच शंका निर्माण करतं. 'महाव्यवस्थापक (उत्पादन)' किंवा 'व्यवस्थापक, खरेदी विभाग' असं लिहिलं की शंकेला जागा राहत नाही.

सगळ्यांत सोपा वाटणारा शब्द पार्टनर, आणि खरा धोका तिथेच आहे. भागीदारी फर्ममधल्या माणसासाठी 'भागीदार' हा शब्द बिनचूक आहे, 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याबद्दल बोलताना वकील-सीए मराठीत हेच म्हणतात. मॅनेजिंग पार्टनरला व्यवस्थापकीय भागीदार म्हणता येतं. प्रश्न आहे तो भागीदार नसलेल्यांनी हा शब्द लावण्याचा. या कायद्याचं कलम 28 असं: जो माणूस बोलून, लिहून किंवा वागण्यातून स्वतःला फर्मचा भागीदार म्हणवतो, किंवा दुसऱ्याला तसं म्हणू देतो, त्याच्यावर विसंबून कुणी फर्मला उधारी दिली तर तो भागीदारासारखाच देणेकरी ठरतो.

शिरोलीची फर्म कंपनी होण्याआधीचा काळ डोळ्यांसमोर आणा. मुलगा खरेदी बघायचा, त्याचं नाव भागीदारी पत्रात नव्हतं. वडिलांनी कौतुकाने त्याच्या कार्डावर 'भागीदार' छापलं. भंगाराच्या व्यापाऱ्याने ते कार्ड पाहून, घरचाच माणूस आहे म्हणून, 6 लाखांचा माल उधारीवर दिला. फर्मने पैसे थकवले. व्यापारी त्या मुलाच्या वैयक्तिक मालमत्तेवरही दावा लावू शकतो, आणि 'मी तर नुसता खरेदी बघत होतो' हा बचाव त्याच्याच कार्डापुढे लंगडा पडतो. त्या कार्डावर 'खरेदी विभाग' असतं तर गोष्ट वेगळी होती. आणि कंपनी झाल्यावर जुनी कार्डं संपेपर्यंत वापरायची काटकसरही नको. कंपनीत भागीदार नसतात, भागधारक आणि संचालक असतात. जुन्या कार्डावरून समोरचा समजतो की तो अजून फर्मशीच व्यवहार करतोय.

एलएलपीत 'भागीदार' चालतं, पण कायद्याने लागणारे किमान दोन डेझिग्नेटेड पार्टनर असतात, त्यांच्यासाठी रुळलेला मराठी शब्द मला तरी दिसत नाही. 'नियुक्त भागीदार' म्हटलं तर कुणीतरी बाहेरून नेमलेला माणूस वाटतो. तिथे देवनागरीत 'डेझिग्नेटेड पार्टनर' हेच बरं, आणि संस्थेच्या नावामागे एलएलपी विसरू नका. चॅनल पार्टनर, बिझनेस पार्टनर यांना मात्र चुकूनही भागीदार करू नका. ते भागीदार नसतातच, त्यांना अधिकृत विक्रेता, वितरक, जे असेल ते म्हणा.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, सगळी गडबड एकट्या 'संचालक' शब्दात साठलेली आहे. मराठीत क्लास चालवणारा संचालक, मंगल कार्यालयाचा संचालक, सरकारी खात्याचा प्रमुखही संचालक. इंग्रजीत डायरेक्टर लिहिलं की खासगी धंद्याच्या बाबतीत वाचणारा कंपनी गृहीत धरतो. क्लास एकट्याच्या मालकीचा असेल तर इंग्रजी बाजूवर प्रोप्रायटर किंवा फाउंडर लिहावं. मराठीत 'संचालक' ठेवायला हरकत नाही, 'मालक' क्लासच्या सरांना कानाला खटकतो हे मला मान्य आहे. एकट्याचा धंदा आणि कार्डावर मॅनेजिंग डायरेक्टर हे मात्र दोन्ही भाषांत चुकीचंच. 'अध्यक्ष' आला तर कंपनीत चेअरमन, संस्थेत किंवा मंडळात बहुधा प्रेसिडेंट. संस्थेच्या घटनेत इंग्रजी शब्द दिलेला असेल तर तोच घ्यावा.

स्त्रियांच्या कार्डावर 'संचालिका' की 'संचालक', हे ज्या त्या बाईंनाच विचारा. सरकारी लेखनात बाई असल्या तरी पद 'संचालक'च राहतं, खासगी धंद्यात दोन्ही दिसतात.

प्रूफ आलं की पदनाम अक्षर अक्षर वाचा. 'व्यवस्थापकीय' मधली की आणि 'भागीदार' मधली गी दोन्ही दीर्घ आहेत, छपाईत त्या हटकून ऱ्हस्व होतात. साडेतीन इंची कार्डावर व्यवस्थापकीय संचालक बसवायला अक्षर फार लहान केलं तर व्य आणि स्थ शाईत भरतात. त्यापेक्षा पद नावाखाली स्वतंत्र ओळीवर घ्या, 'व्य. संचालक' असा संक्षेप नको, कारण तो काहीजण व्यवसाय संचालक असाही वाचतात. आणि फाईल दुसऱ्या संगणकावर उघडताना जोडाक्षरं सुटतात, म्हणून छपाईला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून मगच पाठवायला सांगा.