जाळीची पिशवी घ्यायची का नुसती डेलिकेट सायकल लावायची?

माझ्या धाकट्या जावेने नवीन मशीन घेतली, फ्रंट लोड, आणि पहिल्याच आठवड्यात फोन, "ताई, नेटची ओढणी फाटली न बाप्पा, मशीनच खराब दिसते." मी जाऊन पाहिलं तर मशीन एकदम ठीक होती. त्या लोडमध्ये 2 ब्लाऊज, ओढणी, एक शिफॉनचा कुर्ता आणि वरून जीन्स होती, ब्लाऊजचे हूक सगळे उघडे आणि जीन्सची चेन अर्धी खाली. ओढणीला बोटभर भोक पडलेलं, आणि ब्लाऊजच्या वरून दुसऱ्या हुकात तिचाच सोनेरी धागा अडकलेला होता. तिचा प्रश्न साधा होता, पिशव्या आणू का डेलिकेटवर लावू, दोन्हीची भानगड काहून करायची?

तर मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात चालत नाहीत, कारण दोघी वेगवेगळं नुकसान थांबवतात. पिशवी अडकणं थांबवते, सायकल ओढणं आणि घासणं थांबवते.

आता नुसती पिशवी आणि नॉर्मल सायकल घेतली तर हूक बाहेरच्या कपड्याला लागत नाही हे खरं, पण आतला शिफॉन तर तेवढ्याच जोराने आपटतो, आणि शेवटी 1000-1200 आरपीएमच्या स्पिनमध्ये पिळून निघतो, मग शिवणीजवळ धागे सरकतात आणि घड्या अशा बसतात की इस्त्रीने जात नाहीत. रोजचे कॉटनचे ब्लाऊज, ब्रा यांना मात्र हे पुरतं. ब्राची तार कधी शिवणीतून बाहेर आली तरी ती पिशवीतच राहते, ड्रमच्या छिद्रात जाऊन फसत नाही, माझ्या मते पिशवीचे पैसे इथेच वसूल होतात.

उलट, पिशवी नाही आणि डेलिकेट लावलं तर ड्रम हळू फिरतो, मध्ये थांबतो, स्पिन साधारण 400 ते 600 वर राहतो, कापडाला आराम. पण उघडा हूक हळू फिरला तरी हूकच, नेट दिसली की धरणारच. लोडमध्ये हूक-चेन काहीच नसेल, नुसत्या ओढण्या आणि कुर्ते असतील, तर पिशवीशिवाय डेलिकेट मस्त चालतं, उगाच पिशव्यांचा पसारा करू नका.

तिच्या त्या लोडला दोन्ही लागत होतं, म्हणून आम्ही तोच लोड परत वेगळा लावला. जीन्स बाहेर काढली, ती चेन पूर्ण वर लावून, उलटी करून दुसऱ्या दिवशी नॉर्मलवर. ब्लाऊजचे हूक लावले, उलटे केले, एका बारीक जाळीच्या पिशवीत दोघं. ओढणी आणि कुर्ता दुसऱ्या पिशवीत. डेलिकेट, 30 डिग्री, लिक्विड साबण थोडा. घामाच्या जागी, म्हणजे ब्लाऊजच्या काखेत, आधी लिक्विडचं बोट फिरवून दहा मिनिटं ठेवलं, कारण डेलिकेटमध्ये आपल्या मे महिन्याचा घाम पूर्ण निघत नाही. एकटी पिशवी ड्रममध्ये एका बाजूला बसते आणि मशीन स्पिन करायला अडते, म्हणून सोबत 2-3 हलके कुर्ते टाकले. ओढणीला नवीन एकही धागा निघाला नाही.

पिशवी घेताना (मी नागपुरात बर्डीच्या बाजारातून घेतल्या) जाळीत हूक घालून बघा. भोकातून टोक बाहेर आलं तर ती जाळी मोठी, हुकांसाठी ती घेऊ नका, मोजे-रुमालांना ठीक आहे. आणि पिशवीच्या स्वतःच्या चेनची मूठ झाकायला इलास्टिकचा कप्पा पाहिजे, नाहीतर धुताना ती उघडते आणि सगळं बाहेर. अर्धीच भरायची, ठासून भरली की आत पाणी फिरत नाही, धुतल्यावर कपडा हाताला बुळबुळीत लागला म्हणजे साबण आतच राहिला, तेव्हा कपडे कमी करून परत रिन्स द्या.

टॉप लोडवाल्यांनी पिशवीला जास्त महत्त्व द्या, कारण तिथे खालची चकती कपडे गुंडाळते, ब्लाऊजच्या नाड्या आणि ओढण्या एकमेकींत गाठ मारून बसतात. आणि पैठणी, जरीचं काम, खडे-टिकल्या लावलेलं काही असेल तर पिशवी असो का डेलिकेट, मशीनमध्ये टाकूच नका.

कमी स्पिनमुळे कपडे ओले निघतात हीच एक अडचण. उन्हाळ्यात नागपुरात त्याचं काही नाही, सावलीत टाकलं तरी लवकर वाळतात. पावसाळ्यात मात्र माझी जाऊ आता धुतल्यावर कॉटनचे ब्लाऊज पिशवीसकट वेगळे 800 वर स्पिन करते, पिशवी एका बाजूला बसू नये म्हणून सोबत एक-दोन टॉवेल टाकते, आणि ओढणी तशीच टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली टाकते.